बाबांच्या नावावर 40 टक्के शेअर्स, पैसे मात्र शेठचे: आता काय भरायचं?

मेघा_भांडुप

नमस्कार मंडळी. कंपनी कायद्यातलं कळणारं इथे कुणी असेल तर मदत हवी आहे. प्रश्न माझ्या वडिलांचा आहे, वय 68.

बाबा मरोळ एमआयडीसीतल्या एका पॅकेजिंग कंपनीत हेड अकाउंटंट होते. 2016 साली शेठनी त्यांच्या नावावर 4,000 शेअर्स केले. कंपनीचे एकूण शेअर्स 10,000, दर्शनी किंमत 10 रुपये. बाबांनी एक पैसाही घातला नाही, 40,000 रुपये शेठनीच भरले. उरलेले 6,000 शेअर्स दुसऱ्या एका प्रायव्हेट लिमिटेडकडे आहेत. तिच्यात शेठचे 70 टक्के आणि त्यांच्या पत्नीचे 30 टक्के. बाबा डायरेक्टर कधीच नव्हते. दोन वर्षं डिव्हिडंड बाबांच्या खात्यात आला आणि आठवड्याभरात ऑफिसातला माणूस सेल्फ चेक लिहून घेऊन गेला. बाबा 2021 ला रिटायर झाले, पण शेअर्स तसेच राहिले.

गेल्या महिन्यात धाकट्या शेठचा फोन आला की शेअर्स डिमॅट करायचे आहेत, खातं उघडा. मागोमाग एक माणूस घरी कागद घेऊन आला. त्यातल्या एका कागदावर लिहिलं होतं, "सदर समभागांचा लाभार्थी मालक मी स्वतःच असून अन्य कोणाचाही त्यात हितसंबंध नाही." बाबा सहीला तयार होते, इतक्या वर्षांचे संबंध म्हणून. मीच थांबवलं. आमचं काही चुकलंय का? आणि आता नेमकं काय करायचं?

शुभदा_दादर

मेघा, नॉमिनी मालक नसतो, तो फक्त सांभाळणारा. आमच्या सोसायटीत फ्लॅटवरून हेच झालं होतं. सुप्रीम कोर्टानेही डिसेंबर 2023 मध्ये शेअर्सच्या बाबतीत तेच सांगितलं, नॉमिनेशन असलं तरी हक्क वारसांचा. शेठनी मृत्युपत्र केलंय का ते आधी बघा.

मेघा_भांडुप

शुभदाकाकू, हे नॉमिनेशन नाही हो. शेठ हयात आहेत. शेअर सर्टिफिकेटवर आणि सभासदांच्या रजिस्टरमध्ये थेट बाबांचंच नाव आहे.

गिरगावचा_मंदार

सोपं आहे. 10 टक्क्यांच्या वर ज्याचा हिस्सा, त्याने बेन-1 भरायचा. बाबांचे 40 टक्के आहेत म्हणजे बाबांना बेन-1 लागणारच. भरून टाका. आणि चूक लक्षात आल्यावर 30 दिवसांत फॉर्म भरला की दंड लागत नाही, कायद्यातच तशी सवलत आहे.

माधुरी_सीएस

मेघा, सगळ्यात आधी एक गोष्ट. बाबांनी त्या कागदावर सही करायची नाही. बाकी सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. "मीच खरा मालक" ही सही मात्र परत घेता येत नाही. आत्तापर्यंत जे झालं ती न केलेली नोंद आहे, तिला दंड आहे. खोटं आहे हे माहीत असून लिहून दिलेलं कंपनी कायद्याखालच्या कागदांत गेलं, तर प्रकरण कलम 448 मधून 447 मध्ये जातं, म्हणजे फसवणुकीत. तिथे तुरुंगवास आहे.

आता मंदारच्या उत्तराबद्दल. बाबांना बेन-1 लागत नाही. बेन-1 कलम 90 चा फॉर्म आहे आणि तो पडद्यामागच्या माणसाने भरायचा असतो. बाबा तर रजिस्टरमध्ये उघड दिसतात. बाबांचं काम कलम 89 खाली येतं: "शेअर्स माझ्या नावावर आहेत, पण लाभ माझा नाही, अमुक व्यक्तीचा आहे" असं कंपनीला कळवायचं. हा एमजीटी-4. शेठनी "त्या शेअर्सचा लाभ माझा" असं कळवायचं, तो एमजीटी-5. दोघांनाही मुदत 30 दिवसांची. ही दोन्ही निवेदनं कंपनीकडे जातात, आरओसीकडे म्हणजे कंपन्यांच्या रजिस्ट्रारकडे नाही. कंपनीला ती मिळाली की पुढच्या 30 दिवसांत तिने एमजीटी-6 आरओसीकडे भरायचा.

30 दिवसांच्या सवलतीबद्दल मंदार म्हणतो ती तरतूद आहे खरी. पण ती वार्षिक विवरणपत्र आणि ताळेबंद उशिरा भरणाऱ्यांसाठी आहे. कलम 89 आणि 90 ला ती लागू नाही.

गिरगावचा_मंदार

माधुरीताई, आमच्या कंपनीत करंट अकाउंट उघडताना बँकेने 10 टक्क्यांच्या वरच्या प्रत्येकाचं नाव लिहून घेतलं. थेट शेअरहोल्डरसुद्धा. मग इथे वेगळं कसं?

माधुरी_सीएस

बँक मनी लाँडरिंग कायद्याखाली विचारते. तिला मालक कोण हे हवं असतं, थेट असो वा आडून. कंपनी कायद्याचं कलम 90 फक्त आडून असलेल्यांसाठी आहे. स्वतःच्या नावावर 90 टक्के शेअर्स असलेला माणूसही, दुसरा कुठला मार्ग नसेल तर, कलम 90 खाली येत नाही. तो रजिस्टरमध्ये दिसतोच. बँकेचा फॉर्म भरला म्हणजे बेन भरला असं समजून बसलेल्या कंपन्या मी खूप पाहिल्या आहेत, आणि उलटही.

मेघाच्या केसमध्ये शेठ दोन वाटांनी आत आहेत, म्हणून ती नीट उलगडून बघण्यासारखी आहे.

पहिली वाट 6,000 शेअर्सची. ते दुसऱ्या कंपनीकडे आहेत. सभासद कंपनी असेल तर तिच्यात निम्म्याहून जास्त हिस्सा कुणाचा हे बघायचं. शेठचे 70 टक्के आहेत, म्हणून त्या कंपनीचे 60 टक्के शेठच्या हिशेबात धरले जातात. इथे 70 आणि 60 चा गुणाकार करून 42 काढायचे नसतात. बहुमत असेल तर पूर्ण 60, नसेल तर या वाटेने शून्य. 10 टक्क्यांची मर्यादा केव्हाच ओलांडली, त्यामुळे शेठना बेन-1 चुकत नाही. पत्नीचे 30 टक्के बहुमतात बसत नाहीत, त्यामुळे निव्वळ आकड्याने त्या बाहेर राहतात. पण दोघं ठरवून एकत्र मतं देतात असं दिसलं, तर त्यांनाही आत ओढता येतं.

दुसरी वाट बाबांच्या 4,000 शेअर्सची. शेठनी एमजीटी-5 दिला, तर 2019 च्या सुधारित नियमांप्रमाणे ते शेअर्स शेठचे थेट समजले जातात, जणू त्यांच्याच नावावर आहेत. एमजीटी-5 दिला नाही, तर ते थेट धरता येत नाहीत. मग केवळ अशा नावापुरत्या माणसामार्फत धरलेले शेअर्स कलम 90 मध्ये कसे बसवायचे, यावर आमच्याच लोकांत दोन मतं आहेत. नियमांत आडून धरण्याचे जे प्रकार दिलेत त्यांत कंपनी, एकत्र कुटुंब, भागीदारी, ट्रस्ट वगैरे आहेत, साधी व्यक्ती नाही. पण मूळ कलमात "एक किंवा अधिक व्यक्तींमार्फत" असे शब्द आहेत. तुमच्या केसमध्ये हा वाद सोडवायची गरज नाही, पहिल्या वाटेनेच शेठ 90 मध्ये आले आहेत.

परळचा_हिशेबनीस

मी थोडं वेगळं बोलतो. मुंबईत नावापुरते शेअरहोल्डर शेकड्यांनी असतील. ड्रायव्हरच्या नावावर शेअर्स आहेत, मेहुण्याच्या नावावर आहेत. प्रायव्हेट कंपनीला दोन सभासद लागतात म्हणून कुणाचं तरी नाव घातलेलं असतं. बाबांनी शेअर्स शेठच्या नावावर ट्रान्सफर करून द्यावेत आणि विषय संपवावा. स्वतःहून जाऊन "आम्ही 2016 पासून कळवलं नाही" असं सांगणं म्हणजे दंड ओढवून घेणं. कोण बघायला येणार आहे?

माधुरी_सीएस

हिशेबनीस, लपवायचं काहीच नसताना दंड झालेली केस सांगते. मे 2024 मध्ये दिल्लीच्या रजिस्ट्रारने लिंक्डइनच्या भारतीय कंपनीला, मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला आणि लिंक्डइनचे तेव्हाचे प्रमुख रायन रोस्लान्स्की यांना दंड केला. त्या दोघांना प्रत्येकी दोन लाख. लिंक्डइन मायक्रोसॉफ्टची आहे हे जगाला माहीत होतं. तरी रजिस्ट्रारने नेमणुका कोण करतं, कोण कुणाला रिपोर्ट करतं हे तपासलं आणि नियंत्रण या दोघांचं असताना निवेदन दिलं नाही असा निष्कर्ष काढला. म्हणजे शेअर्सच्या टक्केवारीपलीकडे जाऊनही ते बघतात.

आणि डिमॅटमुळे आता हे आपोआप वर येतं. साध्या ट्रान्सफरची वाट तर बंदच झाली आहे. छोटी कंपनी नसलेल्या प्रायव्हेट कंपनीचे शेअर्स डिमॅट केल्याशिवाय ट्रान्सफर होत नाहीत. डिमॅट खातं बाबांच्या पॅनवर उघडणार. त्यातून 40 टक्के शेअर्स 40,000 ला किंवा फुकट शेठकडे गेले, तर पहिला प्रश्न इन्कम टॅक्सवाले विचारतील: कंपनीची आजची किंमत काय आणि हे स्वस्तात का दिले? "मुळात त्यांचेच होते" हे उत्तर द्यायचं तर तसा कागद आधीपासून कंपनीकडे असायला हवा. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी एमजीटी-4, 5 आणि 6, मग ट्रान्सफर.

बीकेसी_संदीप

माझंही विचारून घेतो. मी एका परदेशी कंपनीच्या भारतीय उपकंपनीत काम करतो. 100 टक्के उपकंपनी, पण दोन सभासद हवेत म्हणून माझ्या नावावर एक शेअर आहे. जॉइन झालो तेव्हा एचआरने सह्या घेतल्या होत्या. मलाही हे सगळं लागेल का? एका शेअरसाठी?

माधुरी_सीएस

संदीप, कलम 89 ला टक्केवारीची मर्यादा नाही, एका शेअरलाही एमजीटी-4 लागतो. ज्या सह्या घेतल्या त्यात तो असण्याची शक्यता दाट आहे, परदेशी कंपन्यांचे सीएस, म्हणजे कंपनी सेक्रेटरी, हे सहसा सोडत नाहीत. प्रत मागून ठेव. नोकरी सोडताना तो शेअर दुसऱ्याच्या नावावर झाला याचा पुरावाही घे, लोक राजीनामा देतात आणि नाव रजिस्टरमध्येच राहून जातं.

मेघा_भांडुप

माधुरीताई, खूप आभार. बाबांना दंड किती बसू शकतो? ते रात्री झोपत नाहीत, म्हणून स्पष्ट आकडा हवा आहे. कुणीतरी म्हणालं छोट्या कंपनीला निम्मा दंड असतो.

माधुरी_सीएस

स्पष्टच सांगते. 2020 च्या दुरुस्तीनंतर कलम 89 खाली निवेदन न देणाऱ्याला 50,000 रुपये आणि चूक चालू राहील तोवर रोज 200 रुपये, कमाल पाच लाख. रोज 200 म्हणजे वर्षाला 73,000. कमाल मर्यादा गाठायला 2,250 दिवस, म्हणजे सहा वर्षांहून थोडे जास्त. हाच आकडा शेठना एमजीटी-5 साठी वेगळा लागतो.

2016 पासूनचे दिवस मोजायचे की दुरुस्तीनंतरचे, यावर एकवाक्यता नाही. आधी तो कोर्टाने करायचा दंड होता, आता रजिस्ट्रार करतो. बाबांच्या बाजूने युक्तिवाद करताना हा मुद्दा मांडायचाच.

निम्म्या दंडाची सवलत कलम 446बी मध्ये आहे आणि ती शेअरहोल्डरसारख्या इतर व्यक्तींनाही मिळते, कमाल एक लाख. पण तुमच्या बाबतीत अडचण आहे. ही कंपनी आकाराने लहान असली तरी तिचे 60 टक्के दुसऱ्या कंपनीकडे आहेत, म्हणजे ती उपकंपनी झाली. उपकंपनीला कायदा "छोटी कंपनी" मानत नाही. ती स्टार्टअपही नसणार. त्यामुळे ती सवलत धरून चालू नका. डिमॅटची सक्तीही त्याच कारणाने आली आहे.

शेठच्या डोक्यावर याहून जास्त आहे. बेन-1 न दिल्याबद्दल 50,000 आणि रोज 1,000, कमाल दोन लाख. ते 150 दिवसांतच भरतात. कंपनीने कलम 90 खालचं रजिस्टर ठेवलं नाही, बेन-1 मिळाल्यावर आरओसीकडे द्यायचा बेन-2 भरला नाही किंवा खरा मालक शोधायची पावलं उचलली नाहीत, तर एक लाख आणि रोज 500, कमाल पाच लाख. जबाबदार अधिकाऱ्याला वेगळा, कमाल एक लाख. आणि बेन-1 मध्ये जाणूनबुजून खोटं लिहिलं किंवा महत्त्वाची गोष्ट दाबली, तर पुन्हा कलम 447.

ठाणेकर_वकील

माधुरीताईंचं बरोबर आहे, पण बेनामी कायदा विसरू नका. शेअर्स ही मालमत्ताच आहे. पैसे एकाने द्यायचे, नाव दुसऱ्याचं, लाभ पहिल्याचा, ही बेनामीची सरळ व्याख्या आहे. कायदा चुकवायला, कर किंवा देणी बुडवायला हे केलं असं सिद्ध झालं, तर एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड. शेअर्स जप्त होतात ते वेगळंच. आणि शिक्षा खऱ्या मालकाइतकीच नाव देणाऱ्यालाही. एमजीटी-4 मध्ये "माझ्या नावावर आहेत, पैसे शेठचे" असं लिहून देणं म्हणजे आपणच पुरावा देणं झालं. आधी फौजदारी वकिलाला विचारा, मग सही करा.

माधुरी_सीएस

वकीलसाहेब, हेतू काय होता यावर ते ठरेल. शेठनी नाव का वापरलं हे मेघाला माहीत आहे का? बँकेची थकबाकी, भागीदाराशी भांडण, घटस्फोट असलं काही नसेल, तर कंपनी कायद्यानेच ठरवून दिलेलं निवेदन दिलं म्हणून माणूस गुन्हेगार ठरतो हे मला पटत नाही. पण उशिरा दिलेल्या निवेदनाने जुना व्यवहार बेनामीतून सुटतो, असंही मी म्हणणार नाही. वकिलाला दाखवा, याला माझा दुजोरा आहे.

मेघा_भांडुप

बाबांना विचारलं. 2016 मध्ये शेठचा एका पुरवठादाराशी दावा चालू होता, त्यामुळे "सगळं माझ्या नावावर नको" असं ते म्हणाले होते. बाबांना याहून जास्त माहीत नाही. शेठनी नकारच दिला, एमजीटी-5 वर सही केली नाही, तर? बाबा एकटे काही करू शकतात का?

ठाणेकर_वकील

तो दावा कसला होता, कोर्ट कुठलं, शेठ हरले का, हे काढा. देणेकऱ्यापासून लपवलं असं निघालं तर विषय गंभीर आहे. माझं मत तेच, आधी वकील.

माधुरी_सीएस

वकिलाकडे जाताना हे घेऊन जा.

बाबांचा एमजीटी-4 शेठच्या सहीवर अवलंबून नाही. तो बाबांनी एकट्याने द्यायचा आहे. त्यात खऱ्या लाभार्थ्याचं नाव, शेअर्सची संख्या आणि नाव लागल्याची तारीख येते. तारीख 2016 ची खरी टाकायची आणि सहीखाली आजची. कंपनीचा माणूस "जुनी तारीख टाकून द्या" म्हणेल, तसं करायचं नाही. रजिस्टर्ड पोस्टाने कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा आणि ईमेलही करा. पोच मिळाली त्या दिवसापासून एमजीटी-6 चं घड्याळ कंपनीवर सुरू होतं: न भरल्यास कंपनीला रोज 1,000, कमाल पाच लाख, अधिकाऱ्याला कमाल दोन लाख. 2023 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक कंपनीने अशा माहितीसाठी एक माणूस नेमून द्यायचा आहे. कुणाला नेमलं ते लेखी विचारा.

शेठ ऐकत नसतील तर त्यांना कलम 89 चं उपकलम 8 दाखवा. निवेदन दिलं नाही, तर त्या शेअर्सवरचा कुठलाही हक्क खऱ्या मालकाला किंवा त्याच्या वतीने आलेल्याला बजावता येत नाही. म्हणजे धाकटे शेठ उद्या "हे 4,000 आमचे" म्हणून दावा लावतील तर तो टिकायला कठीण. बाबांचं नाव रजिस्टरमध्ये आणि शेठचा कागद नाही, यात नुकसान शेठचं जास्त आहे. हे त्यांच्या सीएसला समजेल, शेठना समजवायचं काम त्याच्यावर सोपवा.

दोन गोष्टी तुम्हाला आजच तपासता येतील. एमसीएच्या, म्हणजे कंपनी मंत्रालयाच्या साइटवर 100 रुपये भरून कंपनीची सार्वजनिक कागदपत्रं उघडा. 2016 नंतरच्या यादीत एमजीटी-6 आहे का बघा. कधीकधी तेव्हाच्या सीएसने भरून ठेवलेला असतो आणि कुणाच्या लक्षात नसतं. शेअरहोल्डरांच्या यादीत बाबांपुढे काय लिहिलंय तेही बघा. दुसरं, बाबा सभासद आहेत, त्यामुळे कलम 90 चं रजिस्टर त्यांना कंपनीच्या कामाच्या वेळेत बघायला मिळतं, कमाल 50 रुपये फीवर. रजिस्टरच नाही असं उत्तर आलं तर ते लेखी घ्या.

परळचा_हिशेबनीस

बाबा रिटर्न कुठला भरतात? अनलिस्टेड शेअर्स असतील तर आयटीआर-1 चालत नाही. माझ्या एका क्लायंटला यावरूनच नोटीस आली होती.

मेघा_भांडुप

आयटीआर-1 च भरतात हो. आणि डिव्हिडंड त्यांच्या 26एएस मध्ये दिसत होता, त्यावर टॅक्सही बाबांनीच भरला. शेठना पैसे परत गेले त्या सेल्फ चेकच्या नोंदी पासबुकात आहेत.

आत्ता एमसीएवर बघितलं. एमजीटी-6 कुठेही नाही. शेअरहोल्डरांच्या यादीत दरवर्षी बाबांचं नाव, 4,000 शेअर्स, बाकी काही नाही.

माधुरी_सीएस

पासबुकाची ती पानं आणि 26एएस जपून ठेव. लाभ बाबांनी ठेवला नाही हे दाखवणारा तोच सगळ्यात भक्कम पुरावा आहे. रिटर्नचं सीएला विचार, मागच्या कुठल्या वर्षाचं अजून सुधारता येतं ते तो सांगेल.

रजिस्ट्रारची नोटीस आलीच तर उत्तर द्यायचं, गप्प बसायचं नाही. सुनावणी आता ऑनलाइनच होते, तिला घाबरू नका. स्वतःहून कळवलं, फायदा घेतला नाही, वय 68, हे सगळं लेखी मांडता येतं. आदेश पटला नाही तर 60 दिवसांत रीजनल डायरेक्टरकडे अपील आहे. दंड ठरल्यावर 90 दिवसांत भरला नाही तर मात्र तो वेगळा गुन्हा होतो.

मेघा_भांडुप

बुधवारी वकिलांची वेळ घेतली आहे, जुन्या दाव्याचा नंबर बाबांच्या डायरीत सापडला. तो कागद सही न करता परत पाठवला, फोटो काढून ठेवला आहे. एमजीटी-4 चा मसुदा करून ठेवते, वकील म्हणतील तेव्हा पोस्ट करेन. एक राहिलं: डिमॅट खातं आत्ता उघडायचं की थांबायचं?

माधुरी_सीएस

खातं उघडायला हरकत नाही. शेअर्स त्यात टाकायची विनंती मात्र एमजीटी-4 ची पोच हातात आल्यावरच द्या.

ठाणेकर_वकील

मी म्हणेन खातंही बुधवारनंतर.